कोशातली ओळ कुठे मोडायची

बोलीतले शब्द हौसेने जमवणाऱ्यांची यादी बहुधा एका लांबलचक फाइलमध्ये असते. एका ओळीत एक शब्द, पुढे संक्षेप, मग अर्थ, आणि जमलं तर अवतरणात एखादं वाक्य.

```
आड - पु. लहान विहीर. 'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?'
आड - क्रिवि. वाटेत, मध्ये. 'मांजर आड गेलं.'
ये-जा - स्त्री. येणे-जाणे; वर्दळ. 'गाड्यांची ये-जा फार.'
ढेकर - पु. स्त्री. पोट भरल्यावर तोंडावाटे येणारा वायू.
```

या ओळींचे शब्द, पद, अर्थ आणि उदाहरण असे चार रकाने करायचे म्हटलं, की पहिला मोह होतो तो एक्सेलमधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’चा. आडवी रेघ दिसली की तोड! मग ‘ये’ एका रकान्यात आणि ‘जा’ दुसऱ्यात जाऊन बसतो. स्वल्पविरामावर तोडलं तर ‘वाटेत, मध्ये’ फुटतं. विरामचिन्हं कोशात कुठेही येतात, त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

विसंबायचं ते पदाच्या संक्षेपावर. शब्द हजारो असतील, अर्थ कसेही लिहिलेले असतील, पण पु., स्त्री., न., वि., क्रि., क्रिवि., अ. हे संक्षेप मोजकेच असतात. ओळीत रेघेनंतर यांपैकी काही आलं, की त्याआधीचा तो शब्द आणि नंतरचा अर्थ. नोटपॅड++ मध्ये शोधा-बदलाच्या खिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निवडून हेच सांगता येतं:

```
^(.+?)\s*-\s*(पु\.|स्त्री\.|न\.|वि\.|क्रि\.|क्रिवि\.|अ\.)\s*(.+?)\s*(?:'(.+)')?$
```

प्रत्येक कंस एक रकाना. बदलीच्या जागी `$1\t$2\t$3\t$4` लिहिलं की मध्ये टॅब पडतात. शेवटच्या कंसापुढचं प्रश्नचिन्ह उदाहरण नसलेल्या ओळींसाठी. ‘ये-जा’ आता शाबूत राहतो, कारण पहिल्या रेघेपुढे संक्षेप नाही. इंग्रजी नमुन्यांत शब्दासाठी `\w` वापरायची सवय असते. देवनागरीत ती नडते. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये तर `\w` काना-मात्रा अक्षरांत धरतच नाही, आणि शब्द काना लागला की तिथेच तुटतो.

नमुन्यात न बसलेली ओळ जशीच्या तशी राहते आणि टॅब नसल्यामुळे लगेच सापडते. ती हाताने नीट करावी. खरा घोळ बसलेल्या ओळींत असतो. ‘ढेकर’ दोन्ही लिंगांत चालतो. नमुना ‘पु.’ उचलतो आणि ‘स्त्री.’ गुपचूप अर्थात ढकलतो. म्हणून अर्थाच्या रकान्यात संक्षेपाने सुरू होणाऱ्या नोंदी शोधायच्या. पदाच्या रकान्याला फिल्टर लावला की आत काय काय आलंय तेही एका नजरेत कळतं. ‘स्त्री.’ऐवजी ‘स्री.’ टाइप झालेल्या ओळी मात्र नमुन्याबाहेर राहिलेल्यांत मिळतील. मराठी कोशांत ‘पु.’ म्हणजे नामही आणि त्याचं लिंगही. पुढे नुसती नामं काढायची असतील, तर लिंगाला वेगळा रकाना आताच द्यावा.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो अनेक अर्थांच्या शब्दांवर.

```
पान - न. १ झाडाचं पर्ण. 'पिंपळाचं पान' २ जेवणाचं ताट. 'पानं वाढा.'
```

वरचा नमुना इथे पहिला अर्थ बरोबर उचलतो, पण त्यापुढचं सगळं, दुसऱ्या अर्थासकट, उदाहरणात कोंबतो. उदाहरणाच्या रकान्यात आकडा दिसला की हेच झालंय असं समजावं. यावर इलाज नमुना चालवण्याआधीच करायचा: आकड्यापाशी ओळ तोडायची, प्रत्येक तुकड्यापुढे ‘पान - न.’ पुन्हा लिहायचं आणि अर्थाचा क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवायचा. तेच ते पुन्हा लिहिणं डोळ्याला खुपतं, पण ‘पानं वाढा’ ताटाशीच बांधलेलं राहायला हवं. उदाहरण अर्थाचं असतं, शब्दाचं नव्हे.

सुरुवातीलाच दोन साफसफाया कराव्यात. वळणदार अवतरणचिन्हं सरळ करायची. आणि ‘पोहऱ्यात’ मधला ‘ऱ्या’ तपासायचा. तो कुणी `ऱ` घेऊन टाइप करतं, तर कुणी साध्या र आणि हलन्तापुढे न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.

मूळ ओळीचा क्रमांकही एका रकान्यात राहू द्यावा. संगणकाने निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्रमांक असला, की एका क्लिकवर यादी मूळ क्रमात परत येते.