नसलेली थरथर

मोटारीचा दंडगोल मिनिटाला 1500, म्हणजे सेकंदाला 25 फेरे घेतो. त्यावरच्या गिअरला 39 दाते आहेत, त्यामुळे दात जुळण्याची थरथर 975 हर्ट्झची. डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड मात्र सेकंदाला 1000 नमुने घेत होते. आलेखात 25 हर्ट्झला ठळक शिखर दिसले आणि तंत्रज्ञ फिरत्या भागाचे असंतुलन शोधू लागला.

सिनेमात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार: एलियासिंग. सेकंदाला 1000 नमुन्यांत 500 हर्ट्झच्या खालचेच कंपन खरे उमटते. त्यावरचे दुमडून खाली येते. 1000 वजा 975, म्हणजे 25.

खरे-खोटे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. नमुने 1200 करा. खरे शिखर जागचे हलत नाही, खोटे 225 हर्ट्झला सरकते. पण एकदा नोंदलेला खोटा संकेत संगणकातल्या फिल्टरने वेगळा काढता येत नाही. म्हणून लो-पास फिल्टर कार्डाच्या आधी, तारेवरच हवा. तो एकदम कापत नाही, हळूहळू उतरतो. त्यामुळे हव्या त्या कमाल वारंवारितेच्या दुपटीहून थोडे जास्त, सहसा 2.56 पट, नमुने घेतात.

रिझोल्यूशनचा घोटाळा वेगळा. 12 बिटांचे कार्ड उणे 10 ते अधिक 10 व्होल्टचे 4096 भाग करते. एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची. सेन्सर एका ‘जी’ला 100 मिलिव्होल्ट देत असेल, तर 0.05 ‘जी’हून बारीक थरथर पायरीतच हरवते. पल्ला 1 व्होल्टवर आणला, की पायरी दहापट बारीक होते. फक्त धक्का 10 ‘जी’पलीकडे गेला, तर लाटेचा माथा सपाट कापला जातो.