ब्युरेटवरचे ०.२ मिलि

बारावीच्या सराव प्रॅक्टिकलला अजून अर्धा तास आहे. मॅडम स्वतः ब्युरेट भरतात, १० मिलि ऑक्झॅलिक आम्लात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालतात, पात्र वाफा येईपर्यंत तापवतात आणि परमँगनेट थेंबाथेंबाने सोडतात. फिकट गुलाबी रंग टिकतो तेव्हा वाचन ९.८ येतं. परमँगनेट उजेडात हळूहळू विघटित होतं, म्हणून मागच्या बॅचचं वाचन त्या धरत नाहीत. आपल्या कागदावर त्या लिहितात: ९.६ ते १०.० पूर्ण चार गुण, त्यापुढे ०.२ चा फरक असेल तर दोन, त्याहून जास्त असेल तर एक. ब्युरेटचा एक भाग ०.१ मिलि. दोन भागांची चूक डोळ्याची धरायची, त्यापलीकडची हाताची.

मुलं येतात. प्रश्नपत्रिकेवर आधी नमुना वाचनं आहेत: ०.० ते ९.८, ९.८ ते १९.७, १९.७ ते २९.५. खिडकीजवळची मुलगी तिन्हींची सरासरी काढायला निघते.

“अगं, जुळलेली वाचनं कुठली?”

ती वजाबाकी पुन्हा बघते. ९.८, ९.९, ९.८. मग ९.८ भोवती गोल करते. आम्ल ०.०५ मोलर, परमँगनेटचे दोन मोल आम्लाच्या पाच मोलांना पुरतात. म्हणून २ × ०.०५ × १० ला ५ × ९.८ ने भागायचं. उत्तर ०.०२०४ मोलर. १५८ ने गुणलं की लिटरला ३.२२ ग्रॅम.

प्रयोगात मात्र शेजारच्या मुलाचं वाचन ९.२ येतं. त्याचं पात्र मी हात लावून बघतो, कोमट आहे. थंड पात्रात अभिक्रिया मंदावते, गुलाबी छटा रेंगाळते आणि मूल आधीच थांबतं. पलीकडच्या टेबलावर रंग तपकिरी झालाय. तिथे आम्ल कमी पडलंय आणि वाचन १०.६ वर गेलंय. चूक कुठल्या बाजूला झाली, हे वाचनच सांगतं.

९.२ वाल्याने त्यावरून काढलेली मोलॅरिटी ०.०२१७. मॅडम गणित तपासतात. मांडणी बरोबर, प्रमाण बरोबर, एककही लिहिलेलं. वाचनाला एक गुण, गणिताला चारपैकी चार.

हेच योग्य आहे. ९.६ ते १०.० ही कक्षा उत्तरात ०.०२०८ ते ०.०२०० होते, पण ती उत्तराला लावली तर त्याला एकाच चुकीची दोनदा शिक्षा होईल. शिवाय उत्तर जुळवायला वाचनच बदलून लिहिण्याची सवय लागते, आणि ती वहीत पकडता येत नाही. परीक्षकांनो, कक्षा वाचनाला लावा. गणित मुलाच्या स्वतःच्या वाचनावरूनच तपासा.