गोष्ट पटली, म्हणजे ती खरी असते का?

नोव्हेंबर २०१८मध्ये जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकात अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा एक लांबलचक वृत्तांत छापून आला. त्याच्या दोन बाजू होत्या. एकीकडे स्थलांतरितांच्या जथ्याबरोबर मेक्सिकोतून उत्तरेकडे निघालेली एक आई, आणि दुसरीकडे तिच्यासारख्यांची वाट अडवायला ॲरिझोनाच्या वाळवंटात बंदुका घेऊन बसलेली स्वयंघोषित पहारेकऱ्यांची टोळी. पहिली बाजू हुआन मोरेनो या मुक्त पत्रकाराने लिहिली होती, दुसरी साप्ताहिकाचा तरुण, बक्षिसांनी लगडलेला वार्ताहर क्लास रेलोटियस याने. रेलोटियसच्या वृत्तांताच्या शेवटी टोळीतला एक जण अंधारात गोळी झाडतो. हा शेवट वाचून मोरेनोच्या मनात शंका आली. कायद्याच्या बाहेर जाऊन माणसांवर बंदूक चालवणारा इसम ते काम परदेशी पत्रकाराच्या डोळ्यांदेखत का करील?

मोरेनोने इथे पुरावा तपासलेला नव्हता, कारण त्याच्या हाती तो नव्हताच. त्याने गोष्ट तपासली. असे तपासणे हीदेखील बुद्धीची रीतसर पद्धत आहे, हे अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर फिशर यांनी १९८४च्या एका निबंधात मांडले, आणि १९८७मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीला ‘नॅरेटिव्ह पॅराडाइम’ म्हणतात. माणूस मुळात गोष्टी सांगणारा आणि ऐकणारा प्राणी आहे. एखादे म्हणणे स्वीकारायचे की नाही हे तो बहुतेक वेळा गृहीतक-निष्कर्षाच्या साखळीवरून ठरवत नाही. गोष्ट आतून जुळते का आणि ती जगाशी प्रामाणिक आहे का, या दोन कसोट्यांवर तो ते ठरवतो. पहिलीला सुसंगती म्हणू, दुसरीला सच्चेपणा.

ही मांडणी संवादशास्त्राच्या वर्गांत हमखास शिकवली जाते. तिच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरलेले आहेत. रेलोटियसचे प्रकरण समोर ठेवले की ते एकेक करून सुटतात.

गैरसमज: फिशर म्हणतात, तर्क आणि तथ्ये बाजूला ठेवा, गोष्ट भावली की झाले

फिशर यांचा आक्षेप तर्कावर नव्हता, तर्काच्या मक्तेदारीवर होता. १९८४च्या निबंधात त्यांनी उदाहरण घेतले ते अण्वस्त्रांच्या वादाचे. जोनाथन शेल यांच्या १९८२च्या ‘द फेट ऑफ द अर्थ’ या पुस्तकाने अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीचे चित्र उभे केले होते. तज्ज्ञांनी त्यांच्या युक्तिवादातल्या त्रुटी काढल्या. त्यामुळे वाद तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ असा झाला, आणि ज्यांच्या जिवाशी प्रश्नाची गाठ होती ती सामान्य माणसे बघे बनली. फिशर यांना हे मान्य नव्हते. औपचारिक तर्कशास्त्र शिकावे लागते, पण गोष्टीतली खोट ओळखण्याची शक्ती प्रत्येकाकडे थोडीफार असते. म्हणून सार्वजनिक प्रश्नांचा निवाडा करण्याचा अधिकारही सर्वांना आहे, असे त्यांचे म्हणणे.

सच्चेपणाच्या कसोटीत त्यांनी तथ्यांना पहिले स्थान दिले. सांगितलेली तथ्ये खरोखर तथ्ये आहेत का? काही गाळले किंवा वाकवले आहे का? अनुमाने योग्य रीतीने काढली आहेत का? (इथे तर्कशास्त्राची नेहमीची हत्यारे चालतात.) जे सांगितले ते मूळ प्रश्नाशी संबंधित आहे का? एवढे झाल्यावर पाळी मूल्यांची. ही गोष्ट खरी मानून वागलो तर परिणाम काय होतील, आपल्या आणि आपण मानतो त्या माणसांच्या अनुभवाशी ती जुळते का, ती कोणत्या आदर्शाकडे नेते, हे मग विचारायचे. क्रम महत्त्वाचा आहे. ‘मला पटते’ ही पायरी शेवटी येते, आणि तिच्या आधीच्या पायऱ्या ओलांडल्याशिवाय तिला वजन नाही.

गैरसमज: सुसंगत गोष्ट म्हणजे घोटीव, कुठेही न अडखळणारी गोष्ट

या गैरसमजाची किंमत ‘श्पीगल’ने मोजली. रेलोटियसचे वृत्तांत विलक्षण घोटीव असत. पात्रे नेमक्या क्षणी नेमके वाक्य बोलत आणि प्रत्येक तपशील विषयाकडे बोट दाखवी. डिसेंबर २०१८च्या सुरुवातीला त्याला जर्मनीचा प्रतिष्ठेचा वार्ताहर पुरस्कार चौथ्यांदा मिळाला. परीक्षक ज्याला सुसंगती समजत होते ती फिशर यांच्या व्याख्येचा केवळ एक तृतीयांश होती.

फिशर सुसंगतीचे तीन भाग करतात. पहिला रचनेचा: गोष्टीचे दुवे एकमेकांत बसतात का? यात रेलोटियस पैकीच्या पैकी गुण मिळवी. दुसरा भाग सामग्रीचा: त्याच घटनेबद्दलच्या इतर गोष्टींशेजारी ही गोष्ट ठेवली तर काय दिसते, त्यांच्यात असलेले काही हिच्यातून नाहीसे झाले आहे का? तिसरा पात्रांचा: माणसे त्यांच्या स्वभावाला आणि हितसंबंधाला धरून वागतात का? फिशर यांच्या मते हा तिसरा भाग फार मोलाचा, कारण पात्राच्या वागण्याचा अंदाज बांधता आला नाही तर त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

मोरेनोने नेमके हेच दोन दुर्लक्षित भाग हाती घेतले. गोळी झाडणाऱ्याचे वागणे पात्राच्या कसोटीवर अडले. मग तो सामग्रीकडे वळला. टोळीचा म्होरक्या टिम फोली याला छायाचित्र काढून घ्यायचे नव्हते, असे सांगितले जात होते. पण हाच फोली २०१५च्या ‘कार्टेल लँड’ या माहितीपटात स्वतःच्या नावानिशी कॅमेऱ्यासमोर आला होता, आणि त्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. ज्याला जगाने पडद्यावर पाहिले तो फोटोला का लाजेल? मोरेनोने कार्यालयाला शंका कळवली, तेव्हा संशय रेलोटियसवर न जाता मोरेनोवरच आला. शेवटी दुसऱ्या कामासाठी अमेरिकेत गेला असता तो फोलीला जाऊन भेटला. आपण रेलोटियसला कधी पाहिलेलेही नाही, असे फोलीने सांगितले. त्याचे चित्रीकरण जर्मनीत पोहोचले, रेलोटियसने कबुली दिली, आणि १९ डिसेंबर २०१८ला साप्ताहिकाने स्वतःच हे प्रकरण वाचकांपुढे मांडले.

गैरसमज: तथ्य-तपासणीचा विभाग असला की गोष्ट तपासायची गरज नाही

‘श्पीगल’कडे साठच्या आसपास माणसांचा तपासणी विभाग होता, आणि तो वृत्तपत्रजगतात नावाजलेला होता. तरी हे घडले कसे, हे समजून घ्यायला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले फर्गस फॉल्स हे गाव उपयोगी पडते. ट्रम्प यांच्या विजयानंतर रेलोटियस काही आठवडे या तेरा-चौदा हजार वस्तीच्या गावात राहिला आणि मार्च २०१७मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. त्यात गावाभोवती गर्द जंगल होते, वेशीवर मेक्सिकन लोकांना मज्जाव करणारी पाटी होती. गावच्या प्रशासकाने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. थिएटरात ‘अमेरिकन स्नायपर’ हा चित्रपट, प्रदर्शित होऊन दोन वर्षे होत आली तरी, चालूच होता.

गावातल्या दोघांनी हा मजकूर ओळीओळीने पडताळून पाहिला. गाव मोकळ्या गवताळ प्रदेशात आहे. तशी पाटी कधी नव्हती. प्रशासकाचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो उपलब्ध होता. चित्रपट २०१५च्या सुरुवातीला महिनाभर चालून गेला होता. बरोबर निघाल्या त्या मोजक्या गोष्टींत गावाची लोकसंख्या आणि सरासरी तापमान यांचा समावेश होता. म्हणजे हँबुर्गमधल्या कार्यालयात बसून संदर्भग्रंथांवरून तपासता येईल ते त्याने बिनचूक दिले होते. जिथे साक्षीदार तो एकटा होता, तिथे त्याने कल्पना चालवली. तपासणी विभाग आकडे, तारखा, नावे पाहतो. बंद खोलीत कोण काय बोलले हे तो सहसा वार्ताहराच्या शब्दावर सोडतो. गोष्टीतला जो भाग वाचकाला सर्वाधिक हलवतो तोच भाग तपासणीच्या पलीकडे राहतो, ही या नावाजलेल्या व्यवस्थेतली खरी भेग होती.

फिशर यांचे म्हणणे इथे विलक्षण खरे ठरते. नामवंत परीक्षकांना जे दिसले नाही ते एका लहान गावातल्या वाचकांना पहिल्याच वाचनात दिसले. त्यांच्यापैकी एकाने ‘श्पीगल’ला २०१७मध्येच जाहीरपणे टोकलेही होते. पण अमेरिकन खेड्यातून आलेली ती तक्रार कुणी मनावर घेतली नाही.

गैरसमज: सच्चेपणा म्हणजे आपल्या अनुभवाशी जुळणे

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, आणि त्याला फिशर यांची मांडणीही काहीशी जबाबदार आहे. सत्य मानलेल्या आपल्याजवळच्या गोष्टींशी नवी गोष्ट ताडून पाहा, असे ते सांगतात. पण त्या आपल्याजवळच्या गोष्टीच चुकीच्या असल्या तर? जर्मन वाचकाच्या मनात ट्रम्पसमर्थक गावाचे एक चित्र आधीपासून होते: संकुचित, बंदूकवेडे, जगापासून तुटलेले. रेलोटियसने त्याला तेच चित्र परत केले. ते ‘जुळले’ म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला.

प्रकरणानंतर नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०१९मध्ये आला. सीमेवरच्या वृत्तांतासाठी संपादकीय विभागाने दोन्ही पत्रकारांना पाठवलेली मेल त्यातून उजेडात आली. कशी पात्रे हवीत हे त्यात आधीच लिहिलेले होते. मोरेनोने मूल बरोबर असलेली, होरपळलेल्या देशातून निघालेली बाई शोधायची होती. रेलोटियसचा माणूस ट्रम्पला मत देणारा, भिंतीच्या घोषणेने हरखलेला असायला हवा होता. वार्ताहर विमानात बसण्यापूर्वीच गोष्ट लिहून झाली होती. मग वास्तवाला तिच्यात बसवायचे किंवा वास्तव घडवायचे, एवढेच उरते. मोरेनोने पहिला मार्ग धरला आणि त्याला हवी तशी बाई शोधायला खपावे लागले. रेलोटियसने दुसरा धरला.

फिशर यांच्या टीकाकारांनी ही दुखरी जागा १९८७मध्येच दाखवली होती. त्यांच्यापैकी बार्बरा वॉर्निक यांनी हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे उदाहरण दिले. ती गोष्ट असंख्य जर्मनांना सुसंगतही वाटली आणि त्यांच्या अनुभवाशी जुळलीही. मग लोकांची उपजत शक्ती कुठे गेली? माणसे चुकीची गोष्टही स्वीकारू शकतात, आणि लोकांना पटली एवढ्याने गोष्ट चांगली ठरत नाही, हे फिशर यांनाही मान्य होते. पण लोकांना पटणे आणि कसोटीला उतरणे यांच्यातला निवाडा अखेर कोण करणार, याचे पुरेसे उत्तर त्यांच्या मांडणीत सापडत नाही. ही उणीव मान्य करूनच ती मांडणी वापरावी लागते.

म्हणून बातमी वाचताना सच्चेपणाची कसोटी उलट्या दिशेने लावणे जास्त फळते. गोष्ट आपल्या मताशी जितकी चपखल जुळेल तितके पहिल्या पायरीवर जास्त थांबायचे: यातले काय दुसऱ्या कुणी पाहिले आहे, कोणते दृश्य एकट्या लेखकाच्या शब्दावर उभे आहे, ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना ते वाचून काय वाटले? फर्गस फॉल्सबाबत हा शेवटचा प्रश्न ‘श्पीगल’ने विचारला तो डिसेंबर २०१८मध्ये, दुसरा वार्ताहर तिथे पाठवून. मूळ वृत्तांत छापून तेव्हा पावणेदोन वर्षे झाली होती.