एका दुकानदार बाईंचे मागणीपत्र

पनवेलजवळ करंजाडे येथे सिडकोने आखलेल्या वसाहतीत आमच्या परिचयाच्या एका बाईंनी पिठाची गिरणी काढली व तिच्या जोडीला भाजणी आणि मसाले विकावयास ठेवले. दुकानदारीचा त्यांचा हा पहिलाच अनुभव. पुढे त्यांनी संकेतस्थळ करून घेण्याचे ठरविले, तेव्हा ते काम करणाऱ्या संस्थेने त्यांच्याकडे लेखी मागणीपत्र मागितले. बाईंनी दोनच ओळी लिहून धाडल्या : "संकेतस्थळ सुंदर व आधुनिक असावे. सर्व माल लोकांना घरबसल्या विकत घेता यावा."

उत्तरादाखल आलेला खर्चाचा अंदाज पाहून बाई हबकल्या. परंतु यात संस्थेचा दोष नव्हता. 'सर्व माल' म्हटले की प्रत्येक जिन्नसाचे छायाचित्र, वजनाप्रमाणे किंमत, पैसे भरण्याची सोय आणि पार्सलाचा हिशेब हे सारे ओघानेच येते. 'सुंदर' या शब्दावरून मात्र करणाऱ्यास काहीच उमगत नाही.

मग बाईंनी आठवडाभर फोनजवळ एक वही ठेवली व विचारणा होईल ती टिपून घेतली. बहुतेक प्रश्न तीनच निघाले : दुकान रात्री कितीपर्यंत उघडे असते, सकाळी टाकलेले दळण झाले काय, आणि थालीपिठाची भाजणी आज शिल्लक आहे काय. विचारणारे बहुधा लोकलने कामावर जाणारे. पनवेलला उतरता उतरता ते फोन करीत. घरपोच माल मागणारे दोघेच आढळले.

दुसरे पत्र या वहीवरून उतरले. त्यातील काही भाग असा :

"माझे गिऱ्हाईक मोबाइलवर, चालता चालता पाहणार. म्हणून उघडताच दुकानाची वेळ, फोनचे बटण व नकाशा दिसावा. त्याखाली आज तयार असलेल्या जिनसांची यादी असावी. ती मी स्वतः माझ्या मोबाइलवरून रोज बदलीन. दळण तयार झाल्याचा निरोप मी फोननेच देईन. मजकूर मराठीत व हिंदीत हवा. पैसे भरण्याची सोय तूर्त नको. चकलीच्या भाजणीची मागणी दिवाळीपूर्वी वाढते, म्हणून काम नवरात्रापर्यंत पुरे व्हावे. छायाचित्रे मी पंधरा दिवसांत देईन."

हे शेवटचे वाक्य अनेकजण विसरतात, आणि छायाचित्रांवाचून काम अडून राहते.

पत्रात आणखी एक अट होती. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे 'डोमेन', बाईंच्याच नावे नोंदवावे. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून ती चालू ठेवावी लागते. ती संस्थेच्या नावे राहिली व पुढे उभयतांचे बिनसले, तर दुकान बाईंचे आणि पाटी दुसऱ्याची, असा प्रकार होतो.

नवा अंदाज पहिल्याहून पुष्कळच कमी आला. पत्राची एक प्रत बाईंनी गल्ल्यात ठेवली. काम हाती आले, तेव्हा तीच समोर धरून त्यांनी एकेक गोष्ट मोबाइलवर तपासली. नकाशातील खूण मागच्या रस्त्यावर पडली होती. ती त्यांनी तेथल्या तेथे दुरुस्त करून घेतली.