विश्लेषण : खाद्याचा भाव स्थिर, अंड्याचा दर रोज वेगळा, पोल्ट्रीवाल्याने विक्रीदर कसा ठरवायचा?

भंडारा जिल्ह्यातील लेयर पोल्ट्रीचालक सकाळी अंडी वेचण्याआधी मोबाइलवर नागपूरचा दर पाहतो. तो दर कधी चार-पाच दिवस जागचा हलत नाही, तर कधी आठवड्यात शेकड्यामागे ४०-५० रुपयांनी खाली येतो. खाद्याचे पोते मात्र महिनाभर त्याच भावाने येते. खर्च बांधलेला आणि उत्पन्न हलते, अशा वेळी आपला विक्रीदर कशाच्या आधारे ठरवायचा, हा प्रश्न त्याच्यासमोर रोज असतो.

रोजचा दर कोण ठरवते?

राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, १९८२ पासून अंड्यांचे दर जाहीर करते. नागपूर, पुणे, हैदराबाद, नामक्कल अशा केंद्रांसाठी रोज १०० अंड्यांचा दर निघतो. भंडाऱ्याला जवळचे केंद्र नागपूर, त्यामुळे येथील सौदे त्याच दरावर होतात. हा दर सुचवलेला असतो, बंधनकारक नसतो. व्यापारी शेडवरून माल उचलताना वाहतूक, फूट आणि आपला नफा धरून त्यातून काही पैसे वजा करतो. म्हणून जाहीर दर आणि हातात पडणारा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब नेहमी दुसऱ्या दरावर करावा लागतो.

खाद्याचा भाव स्थिर, म्हणजे खर्च स्थिर का?

येथेच बहुतेकांची गफलत होते. स्थिर असतो तो किलोचा भाव. अंड्यामागचा खाद्यखर्च कोंबड्या किती अंडी देतात यावर ठरतो. उदाहरण म्हणून ५,००० कोंबड्यांचे एक शेड घेऊ. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे शेडला रोज ५५० किलो लागते. किलोला ३० रुपये धरले तर १६,५०० रुपये होतात. मजुरी, वीज, औषधे यांचे रोजचे २,००० रुपये धरू. दिवसाचा रोख खर्च झाला १८,५०० रुपये.

ऐन भरात असलेल्या शेडचे उत्पादन ८५ टक्के, म्हणजे ४,२५० अंडी असेल, तर एका अंड्यामागे रोख खर्च ४ रुपये ३५ पैसे येतो. त्याच कोंबड्या वयस्कर होऊन उत्पादन ७० टक्क्यांवर आले, तर अंडी ३,५०० मिळतात. खाद्य मात्र जवळपास तेवढेच जाते. खर्च ५ रुपये २९ पैशांवर पोहोचतो. खाद्याचा भाव एक पैशाने न वाढताही अंडे ९४ पैशांनी महाग झाले.

मग खरा उत्पादन खर्च किती?

रोख खर्चात कोंबडीची किंमत आलेली नाही. पिल्लापासून अंड्यावर येईपर्यंत एका तलंगेवर ३५० रुपये खर्च झाला आणि शेवटी ती १०० रुपयांना विकली गेली, असे समजू. मधल्या काळात तिने ३२० अंडी दिली, तर प्रत्येक अंड्यावर आणखी ७८ पैसे चढतात. म्हणजे ८५ टक्के उत्पादनाच्या शेडचा पूर्ण खर्च ५ रुपये १३ पैसे झाला. मरतूक, फुटीची अंडी आणि कर्जाचे व्याज धरले तर तो याहून वाढेल.

त्यामुळे पोल्ट्रीचालकाकडे एक नव्हे, दोन आकडे हवेत. पूर्ण खर्चाचा आकडा वर्षाच्या सरासरी दराशी ताडायचा असतो, रोख खर्चाचा आकडा आजच्या दराशी.

दर पडल्यावर विकायचे की थांबायचे?

समजा नागपूरचा दर शेकड्याला ४८० झाला आणि व्यापाऱ्याने अंड्यामागे २० पैसे वजा केले. हातात पडले ४ रुपये ६० पैसे. हा दर पूर्ण खर्चाखाली आहे, तरीही ८५ टक्क्यांच्या शेडने विकावे. रोख खर्च निघून रोज १,०५० रुपये उरतात आणि ते तलंगांच्या खर्चापोटी जमा होतात. त्याच दराला ७० टक्क्यांच्या शेडमधून रोज २,४०० रुपये खिशातून जातात.

सीमारेषा काढणे सोपे आहे. दिवसाचा रोख खर्च हातात पडणाऱ्या दराने भागायचा. १८,५०० भागिले ४.६० म्हणजे ४,०२२ अंडी, सुमारे ८० टक्के उत्पादन. वयस्कर थव्याचे उत्पादन सलग दोन-तीन आठवडे या रेषेखाली राहिले आणि दर चढण्याचे कारण दिसत नसेल, तर कोंबड्या विकून शेड रिकामे करणे बरे. पण तरुण थव्याचे उत्पादन एकाएकी घसरले, तर आधी पाणी, खाद्य आणि आजार तपासावा.

दर चढेल म्हणून अंडी साठवून ठेवणे हा उपाय भंडाऱ्यात फारसा चालत नाही. मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. शीतगृहाविना अंड्यातील पाणी उडते, आतील हवेची पोकळी वाढते आणि पांढरे पातळ होते. व्यापारी असा माल ओळखतो आणि दर पाडून मागतो.

दुकानदाराला कायमचा भाव द्यावा का?

साकोली, तुमसर, पवनीसारख्या गावांतील दुकानदार आणि खाणावळीवाल्यांना थेट माल दिला तर व्यापाऱ्याची वजावट वाचते. अडचण कायमच्या भावाची. सहा रुपये ठरवले आणि बाजार पाच रुपयांखाली गेला, तर दुकानदार नागपूरच्या गाडीकडे वळतो. बाजार सातकडे गेला, की पोल्ट्रीचालकालाच तो सौदा जड जातो.

त्यापेक्षा भावाचे सूत्र ठरवावे. ‘नागपूरची मागील महिन्याची सरासरी अधिक ३० पैसे’, असा करार केला तर दर महिन्यातून एकदाच बदलतो. एनईसीसीच्या मासिक तक्त्यात सरासरी दिलेली असते, त्यामुळे वाद राहत नाही. मधल्या काळात बाजार ५० पैशांहून अधिक हलला तर भाव नव्याने काढायचा, एवढी एक अट पुरते. मात्र सगळा माल अशा करारात अडकवू नये. उत्पादन घटले की ठरलेला पुरवठा करण्यासाठी बाहेरून अंडी घ्यावी लागतात.

हा हिशेब कुठे कोलमडतो?

मागणी वर्षभर सारखी नसते. श्रावण आणि नवरात्रात ती उतरते, थंडीत चढते. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात श्रावण आपल्यापेक्षा १५ दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे तिकडे न खपलेला माल नागपूरकडे वळला तर मंदी लवकर जाणवते. म्हणून उतरते उत्पादन असलेला थवा श्रावणाआधी काढण्याचे नियोजन करावे.

खाद्यही कायम स्थिर राहील असे नाही. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली, की ऑगस्टमध्ये केंद्राला १२ लाख टन आयातीस परवानगी द्यावी लागली. धानाच्या पट्ट्यात तांदळाचा कोंडा सहज मिळतो, पण मका आणि सोयापेंडेची जागा तो मर्यादेपर्यंतच घेऊ शकतो. कोंडा जास्त झाला तर खाद्य स्वस्त होते, पण अंडी घटतात आणि अंड्यामागचा खर्च पुन्हा वर जातो. म्हणून खाद्याचे किलो, वेचलेली अंडी, फूट आणि मरतूक या चार नोंदी रोज वहीत हव्यात. नागपूरचा दर पोल्ट्रीचालकाच्या हातात नाही. त्या दराला आपले शेड टिकते की नाही, हे मात्र वहीवरून त्याच दिवशी कळते.