विश्लेषण : ‘परत पाठवा’ म्हणजे नक्की काय? रिफंडच्या चॅटमध्ये मराठी कुठे अडते?

समजा, कोथरूडमधल्या एका ग्राहकाने अ‍ॅपवरून ३६० रुपयांचे जेवण मागवले. पिशवी उघडल्यावर कळले, १२० रुपयांची मटकीची उसळ आलीच नाही. मदतीच्या चॅटमध्ये पलीकडचा कर्मचारी फक्त इंग्रजी जाणतो. ग्राहक लिहितो, ‘उसळ आली नाही, परत पाठवा.’ फोन त्याचे भाषांतर करतो आणि गोंधळ सुरू होतो.

नेमके काय बिघडते?

मराठीत ‘परत’ म्हणजे ‘पुन्हा’ आणि ‘माघारी’ही. इंग्रजीत त्याचे ‘सेंड बॅक’ झाले, तर पदार्थ पोहोचला आणि ग्राहक तो नाकारतोय, असे कर्मचाऱ्याला वाटू शकते. मग तो पदार्थाचा फोटो मागतो. आणि जो पदार्थ आलाच नाही, त्याचा फोटो कुठून आणणार?

उलट बाजूनेही तसेच. कर्मचारी १२० रुपये ‘क्रेडिट’ करतो म्हणतो. भाषांतरात ‘जमा’ आले की ग्राहक बँक खाते समजतो. प्रत्यक्षात रक्कम अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये, पुढच्या ऑर्डरपुरतीच मिळणार असेल, तर ‘हो’ म्हणताच रोख रिफंडचा मार्ग बंद होऊ शकतो.

मग लिहायचे कसे?

एका वाक्यात एकच गोष्ट लिहावी आणि ‘परत’ टाळावे. ‘मटकी उसळ मिळाली नाही. बाकीचे पदार्थ मिळाले. मला नवीन उसळ नको. १२० रुपयांचा रिफंड हवा.’ पदार्थाचे नाव बिलावर असेल तसेच टाकावे. उत्तर आल्यावर, पैसे ज्या यूपीआय किंवा कार्डवरून गेले तिथेच येणार का, हे विचारूनच होकार द्यावा. भाषांतर झालेले वाक्य पुन्हा मराठीत करून पाहिले, तर बदललेला अर्थ बहुतेकदा लगेच दिसतो. चॅट बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा.

रिफंड आणि भरपाई एकच का?

नाही. पुण्यात पनीर बटर मसाल्याऐवजी चिकन पोहोचल्याच्या प्रकरणात ग्राहक मंचाने २०१९ मध्ये झोमॅटो आणि हॉटेलला ५५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे आधीच परत केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तरीही सेवेतील त्रुटीसाठी ५० हजार आणि मानसिक त्रासासाठी ५ हजार ठरले. त्यामुळे ‘रिफंड मिळाला’ लिहिताना ‘तक्रार मिटली’ असा अर्थ जाणार नाही, हे पाहावे.

चॅटमध्ये तोडगा निघाला नाही तर?

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. तिथे भाषांतराची गरजच पडत नाही.