पदाचं नाव नको, कामाचं लिहा

परवा माळा आवरताना माझी बी.ए.च्या वर्षातली वही सापडली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी शाळेत शिक्षिका होणार.' नोकरी काही लागली नाही. लग्न झालं, मी हदगावला आले आणि पुढची दहा वर्षं 'आपलं राहूनच गेलं' म्हणून कुढत बसले. आता कळतं, चूक नशिबाची कमी आणि त्या वाक्याची जास्त होती. मी पद लिहिलं होतं, काम लिहिलंच नव्हतं. पद मिळालं नाही, तिथे वाक्यही संपलं.

मैत्रिणींनो, आपल्या गल्लीतली अंगणवाडी आठवा. तिच्या नावामागे ताराबाई मोडक आहेत. 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. नाव झालं होतं, बस्तान बसलं होतं. तरी 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. का? तर त्यांना बालशिक्षण गरिबाच्या लेकरापर्यंत न्यायचं होतं. तिथल्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये अनुताई वाघांना घेऊन त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळाच कुरणात भरवली.

ताराबाईंनी असं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं, असं माझं म्हणणं नाही. पण त्यांचे निर्णय ओळीनं मांडले की वाक्य आपोआप दिसतं. गाव बदललं, संस्था बदलली, शाळेचं रूप बदललं. लहान मूल आणि त्याचं शिक्षण मात्र बदललं नाही.

हे मी आमच्या बचत गटात सांगितलं, तेव्हा शिवणकाम करणारी एकजण म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्याचं ठरंना, वीस वर्षांचं काय लिवू?" मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

तिनं आधी लिहिलं, 'पाच वर्षांत बुटीक काढीन.' ही माझीच चूक. गाळा मिळाला नाही तर काय? दुसऱ्यांदा लिहिलं, 'स्वतःच्या पायावर उभी राहीन.' हे ऐकायला छान, पण यात कुठलंही काम बसतं. ज्या वाक्याच्या आधारे एकाही कामाला 'नाही' म्हणता येत नाही, ते वाक्य उपयोगाचं नाही. मी तिला तीनच गोष्टी विचारल्या. कोणासाठी? काय येतं तुला? त्यातून त्यांच्यात काय बदल व्हावा? तिसऱ्या खेपेला वाक्य आलं, 'कमी शिकलेल्या बायांना माप घेणं, कटिंग करणं असं शिकवीन, की त्यांचं घर त्यावर चालेल.' यात गाव नाही, साल नाही, पद नाही.

मग परीक्षा घेतली. तिच्याकडे दोन कामं आली होती. एका दुकानाचे परकर नगावर शिवायचे, त्यात पैसे जास्त. दुसरं शाळेच्या गणवेशाचं, पैसे कमी, पण दोघीतिघींना हाताशी घेऊन करण्यासारखं. वाक्य सरळ गणवेशाकडे बोट दाखवत होतं. पण मुलीची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती. फी काही वाक्यानं भरत नाही! तिनं परकरच घेतले, पण वहीत लिहिलं, 'हे फीसाठी, पुढच्या दिवाळीपर्यंत.' शिवाय दर रविवारी शेजारच्या एका मुलीला कटिंग शिकवायचं ठरवलं.

ती तारीख महत्त्वाची आहे, बायांनो. आपण अडचणीपुरतं म्हणून धरलेलं काम तारीख नसली की दहा वर्षं चालतं. वाट चुकली हे ओळखायचं कसं? दर संक्रांतीला वही उघडा आणि सरत्या वर्षातले तीन मोठे निर्णय वाक्याखाली लिहा. एक विरुद्ध गेला तर ती अडचण समजा. पण सलग दोन वर्षं तिन्ही विरुद्ध गेले, तर एक तर वाक्य तुमचं नाही, दुसऱ्या कोणाला बरं वाटावं म्हणून लिहिलंय. नाहीतर अडचणीचीच सवय झालीय. वाक्य आपलं नसेल तर बदलायला लाजू नका. मात्र एखादं काम फसलं म्हणून बदलू नका. तेव्हा बदलायची ती वाट.

माझ्या जुन्या वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा शिकतं करीन.' गेल्या काही वर्षांत मी अशा मुलींच्या घरी जाऊन बसते, दहावीचे फॉर्म भरून घेते. शिक्षिका झाले नाही, पण काम तेच करतेय की!

त्या मैत्रिणीची दिवाळी अजून यायचीय. तारीख मी माझ्याही वहीत लिहून ठेवलीय.